अविद्या : नञर्थविचार

अविद्या : (नञर्थविचार). ‘विद्या’ या शब्दाला ‘अ’ हे नकारवाचक पूर्वपद लागून झालेला सामासिक शब्द. बौद्ध, योग व वेदान्त या तिन्ही दर्शनांत तो बंधाचे मूळ कारण दर्शविणारी संज्ञा म्हणून येतो. या ‘अ’चा अर्थ कोणता, हा प्रश्न व्याकरणाचा दिसत असला, तरी त्याच्या उत्तरावर सिद्धांताची उभारणी अवलंबून आहे. अविद्या म्हणजे केवळ विद्या नसणे असे मानल्यास, जे मुळात ‘नाही’ ते कशाचेही कारण कसे होते, हे सांगावे लागते. अविद्या म्हणजे विद्येला विरोध करणारी एक वस्तू असे मानल्यास, ती वस्तू कोणती व तिचे स्वरूप काय, हे सांगावे लागते. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीपासून भारतीय पंडितांनी या दोन पक्षांमध्ये जो वाद केला, त्याचा इतिहास येथे दिला आहे.

व्याकरणातील भूमिका : पाणिनीने या नकारवाचक निपाताला ‘नञ्’ असे नाव दिले आहे. समासात त्यातील नकाराचा लोप होऊन ‘अ’ उरतो आणि पुढे स्वर आल्यास ‘अन्’ असे रूप होते. म्हणून ‘अधर्म’, पण ‘अनर्थ’. रूपाचा नियम असा सोपा आहे. अर्थाचा नियम तसा नाही. उत्तरकालीन वैयाकरणांनी नञाचे सहा अर्थ परंपरेने सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पता, अप्रशस्तता व विरोध. ‘अनुदरा कन्या’ म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, तर कृश कटीची. येथे अल्पता हा अर्थ आहे. ‘अधर्म’ म्हणजे धर्म नसणे एवढेच नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असलेले पाप. येथे विरोध हा अर्थ आहे. मराठीतही हा भेद बोलण्यात टिकून आहे. ‘अनर्थ झाला’ या वाक्यात अर्थाचा अभाव कोणाच्याही मनात येत नाही, घडलेली हानीच मनात येते. अर्थाचा अभाव सांगावयाचा असल्यास ‘निरर्थक’ असा वेगळा शब्द वापरला जातो.

पतंजलीने महाभाष्यात नञ्-समासाची चर्चा ‘अब्राह्मण’ या शब्दावर केली आहे. अब्राह्मणाला आण, असे सांगितल्यावर कोणी मातीचे ढेकूळ उचलून आणत नाही. ब्राह्मण नसलेला, पण ब्राह्मणासारखाच एखादा मनुष्य आणतो. म्हणजे समासातील नञ् ज्याचा निषेध करतो, त्याच्याच जातकुळीतील दुसऱ्या एखाद्या वस्तूकडे सामान्यतः बोट दाखवितो. या प्रकारच्या निषेधाला पर्युदास म्हणतात. त्यात नकार नामाशी जोडलेला असतो आणि त्यातून काही तरी भावरूप हाती लागते. याउलट जेथे नकार क्रियेशी जोडला जातो व केवळ निषेध करून थांबतो, तेथे प्रसज्यप्रतिषेध असतो. समासात बहुधा पर्युदास आणि वाक्यात बहुधा प्रसज्यप्रतिषेध आढळतो. परंतु हा नियम अबाधित नाही. राजस्त्रियांना उद्देशून वापरला जाणारा ‘असूर्यंपश्या’ हा शब्द समास असूनही त्यातील नकार पाहण्याच्या क्रियेकडे जातो : सूर्य न पाहणाऱ्या. त्यामुळे केवळ समासाचे रूप पाहून पक्ष ठरविता येत नाही. ‘अविद्या’ या शब्दाबाबत वाद उद्भवला, त्याचे हे व्याकरणगत कारण होय.

वसुबंधूचा निर्णय : या वादाचे सर्वांत पद्धतशीर विवेचन वसुबंधूच्या (सु. चौथे–पाचवे शतक) अभिधर्मकोश या ग्रंथात व त्यावरील त्याच्याच भाष्यात आढळते. ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे सांगितली आहेत. त्यांतील पहिले अंग अविद्या असून तिच्यामुळे संस्कार, संस्कारांमुळे विज्ञान अशी साखळी पुढे जरामरणापर्यंत जाते. प्राचीन सूत्रांमध्ये अविद्येची व्याख्या दुःख, दुःखाची उत्पत्ती, त्याचा निरोध व निरोधाचा मार्ग यांविषयीचे अज्ञान अशी केली आहे. ही व्याख्या प्रथमदर्शनी अभावाकडे झुकणारी आहे. म्हणून हा अभावच कारण मानावा काय, असा प्रश्न भाष्यात उपस्थित होतो.

वसुबंधू प्रथम दोन सोपे अर्थ बाजूला सारतो. विद्येहून भिन्न ते सर्व अविद्या, असे म्हटल्यास डोळा, कान इत्यादी इंद्रियेही अविद्या ठरतील, कारण तीही विद्येहून भिन्न आहेत. विद्येचा अभाव म्हणजे अविद्या, असे म्हटल्यास अविद्या ही काहीच नाही असे होईल आणि जे काहीच नाही ते संस्कारांचे कारण होऊ शकणार नाही. मग तो रोजच्या भाषेतील उदाहरणे घेतो. ‘अमित्र’ म्हणजे मित्राहून वेगळा असलेला कोणीही नव्हे, किंवा मित्र नसण्याची स्थितीही नव्हे. अमित्र म्हणजे शत्रू. ‘अनृत’ म्हणजे सत्य वचनाचा अभाव, म्हणजे मौन, नव्हे. अनृत म्हणजे खोटे वचन. त्याचप्रमाणे अविद्या म्हणजे विद्येच्या विरुद्ध पक्षात असलेला एक स्वतंत्र धर्म होय. येथे ‘धर्म’ हा शब्द बौद्धांच्या पारिभाषिक अर्थाने, म्हणजे स्वतःचे लक्षण असलेले अंतिम तत्त्व या अर्थाने घ्यावयाचा आहे.

या निर्णयासाठी वसुबंधू दोन आधार देतो आणि दोन्ही व्याकरणाबाहेरचे आहेत. पहिला आधार कारणत्वाचा : सूत्रात अविद्येला संस्कारांचा प्रत्यय म्हटले आहे. दुसरा आधार गणनेचा : संयोजन, बंधन, अनुशय, ओघ इत्यादी क्लेशांच्या याद्यांत राग, दृष्टी यांच्या बरोबरीने अविद्येचे नाव स्वतंत्रपणे येते. भावरूप वस्तूंच्या यादीत एखादा अभाव त्याच दर्जाने बसविला जाणे संभवत नाही. त्यामुळे ‘अ’चा अर्थ येथे शब्दाच्या घडणीवरून नव्हे, तर शब्द सिद्धांतात जे कार्य करतो त्यावरून ठरतो.

यानंतर एक चतुर आक्षेप येतो. वाईट पत्नीला ‘अभार्या’ व वाईट पुत्राला ‘अपुत्र’ म्हणतात. त्याच न्यायाने वाईट प्रज्ञेला अविद्या का म्हणू नये? नञाचा अप्रशस्तता हा अर्थ येथे पुढे केला आहे आणि तो मान्य केल्यास अविद्येसाठी वेगळा धर्म मानण्याची गरजच राहत नाही. वसुबंधूचे उत्तर असे की, वाईट प्रज्ञेचा एक भाग म्हणजे मिथ्या दृष्टी. दृष्टी ही प्रज्ञाच असून अविद्या तिच्याशी एकाच चित्तक्षणात संयुक्त असते असे मानलेले आहे. एका क्षणी दोन प्रज्ञा एकत्र असू शकत नाहीत. म्हणून दृष्टीबरोबर असणारी अविद्या ही स्वतः प्रज्ञा असू शकत नाही. शिवाय सूत्रांत रागामुळे चित्त मलिन होते आणि अविद्येमुळे प्रज्ञा मलिन होते, असे सांगितले आहे. प्रज्ञा स्वतःच स्वतःला मलिन करते, असे म्हणणे युक्त नाही. मळ आणि मळलेली वस्तू यांत भेद असावा लागतो.

अविद्येचे स्वरूप काय, या पुढच्या प्रश्नावर मात्र वसुबंधूचे भाष्य काहीसे अडखळते, आणि ही अडचण ते झाकीत नाही. अविद्या म्हणजे सत्ये, त्रिरत्ने, कर्म व कर्मफळ यांचे ‘असंप्रख्यान’, म्हणजे स्पष्टपणे न कळणे, असे लक्षण दिले जाते. लगेच आक्षेप येतो की, ‘असंप्रख्यान’ या शब्दातही तोच ‘अ’ आहे. तेथेही भिन्नत्व, अभाव की विरोध, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. यावर, धर्मांचे स्वरूप असेच कार्यावरून दाखविले जाते, असे उत्तर मिळते. चक्षुरिंद्रिय प्रत्यक्ष दाखविता येत नाही, तरी चक्षुर्विज्ञानाचा आश्रय म्हणून ते ओळखले जाते, तसेच हे. नकारार्थी शब्दाचे स्पष्टीकरण दुसऱ्या नकारार्थी शब्दाने केले, तर प्रश्न सुटत नाही, केवळ पुढे ढकलला जातो, ही मर्यादा येथे स्पष्ट होते.

अभिधर्मकोशाचा मूळ संस्कृत पाठ दीर्घकाळ अनुपलब्ध होता आणि अभ्यासकांना चिनी व तिबेटी भाषांतरांवर विसंबावे लागे. चिनी भाषांतरात अविद्येसाठी ‘प्रकाश नसणे’ अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. त्यातील नकारचिन्हाचा स्वाभाविक अर्थ ‘नसणे’ असा असल्यामुळे अमित्र, अनृत या उदाहरणांचा जोर त्या भाषेत तितकासा उतरत नाही. राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमध्ये मूळ हस्तलिखिते सापडल्यानंतर कारिकांचा संस्कृत पाठ पुण्याचे वा. वि. गोखले यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. भाष्याचा पाठ प्रल्हाद प्रधान यांच्या संपादनाने पाटणा येथून १९६७ मध्ये निघाला. तेव्हापासून हा वाद त्याच्या मूळ शब्दांत तपासणे शक्य झाले.

उलट उदाहरण : हाच निकष लावून उलट निर्णयही निघतो, हे त्याच ग्रंथातील ‘असंस्कृत’ या संज्ञेवरून दिसते. आकाश आणि दोन प्रकारचे निरोध हे असंस्कृत, म्हणजे कारणांनी न घडविलेले धर्म मानले आहेत. वैभाषिकांच्या मते ते तिन्ही द्रव्यरूप आहेत. सौत्रान्तिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते आकाश म्हणजे स्पर्श होऊ शकेल अशा वस्तूचा अभाव, एवढेच. अंधारात हात पुढे केला असता अडथळा लागला नाही, की लोक तेथे आकाश आहे असे म्हणतात. असंस्कृताला कोणत्याही वस्तूचे उत्पादक कारण म्हणून सूत्रांत स्थान नाही, हाही मुद्दा ते मांडतात. अविद्या कार्य घडविते, म्हणून तेथे विरोधी वस्तू मानावी लागली. असंस्कृत काही उत्पन्न करीत नाही, म्हणून सौत्रान्तिकांना तेथे शुद्ध निषेध पुरेसा वाटला. पूर्वपद दोन्हीकडे एकच आहे.

योगभाष्य व वाचस्पतिमिश्र : पतंजलीच्या योगसूत्रांत अनित्याला नित्य, अशुचीला शुची, दुःखाला सुख व अनात्म्याला आत्मा समजणे म्हणजे अविद्या, असे म्हटले आहे. त्यावरील व्यासभाष्यातही ‘अमित्र’ हेच उदाहरण येते. त्याच्या जोडीला ‘अगोष्पद’ हे दुसरे उदाहरण आहे. गोष्पद म्हणजे गाईंच्या वावराची जागा. अगोष्पद म्हणजे त्या जागेचा अभाव नव्हे, तर जेथे गाई फिरकत नाहीत असा अरण्यासारखा प्रत्यक्ष प्रदेश. तो पाहता येतो, त्यात चालता येते. तसेच अविद्या ही प्रमाण नव्हे व प्रमाणाचा अभावही नव्हे. विद्येच्या विरुद्ध असलेले ते दुसरे ज्ञान होय, असा भाष्याचा निष्कर्ष आहे.

वसुबंधू आणि व्यासभाष्य यांचे उदाहरण एक असूनही निष्कर्ष एक नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भाष्याच्या मते अविद्या हे विपरीत ज्ञानच आहे. वसुबंधूच्या मते ती प्रज्ञेचा प्रकार नसून प्रज्ञेला मलिन करणारा वेगळा धर्म आहे. ‘अमित्र’ या उदाहरणाने विरोध सिद्ध होतो. विरोध करणारा कोण, हे त्याने सिद्ध होत नाही.

वाचस्पतिमिश्राने (सु. नववे–दहावे शतक) तत्त्ववैशारदी या टीकेत समासाचे तिन्ही पर्याय एकेक करून तपासले आहेत. ‘अमक्षिकम्’ म्हणजे माश्यांचा अभाव; यात पूर्वपदाचा अर्थ प्रधान असतो. त्याप्रमाणे अविद्या म्हणजे विद्येचा अभाव घेतल्यास, अभाव क्लेशांना जन्म देऊ शकणार नाही. ‘अराजपुरुष’ या शब्दात उत्तरपदाचा अर्थ प्रधान असतो, म्हणजे पुरुष उरतो आणि राजसंबंध तेवढा वगळला जातो. त्याप्रमाणे घेतल्यास कशाने तरी रहित अशी विद्याच शिल्लक राहील आणि ती क्लेशांना जन्म देण्याऐवजी त्यांचा नाशच करील. ‘अमक्षिक देश’ म्हणजे माश्या नसलेला प्रदेश. येथे समासाबाहेरील तिसऱ्याच पदाचा अर्थ प्रधान असतो. त्याप्रमाणे विद्या नसलेली बुद्धी असा अर्थ घेतल्यास, केवळ विद्या नसल्यामुळे बुद्धी क्लेशांचे मूळ ठरत नाही. तिन्ही मार्ग असे बंद झाल्यावर वाचस्पती लोकव्यवहाराचा आश्रय घेतो. शब्द व अर्थ यांचा संबंध लोकांच्या वापरावरून कळतो, आणि उत्तरपदार्थप्रधान समासातही नञ् विरुद्ध वस्तूचा बोध करून देतो, असे ‘अमित्र’ इत्यादी शब्दांच्या वापरावरून दिसते. व्याकरण किती पर्याय संभवतात ते सांगते. त्यांतील कोणता घ्यावयाचा, ते प्रयोग व सिद्धांत मिळून ठरवितात, असे या विवेचनाचे सार आहे.

वेदान्तातील वाद : अद्वैत वेदान्तात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. मंडनमिश्राने ब्रह्मसिद्धीत अविद्येचे अग्रहण व अन्यथाग्रहण, म्हणजे न कळणे व भलतेच कळणे, असे दोन प्रकार केले. पद्मपादाने शंकराचार्यांच्या अध्यासभाष्यातील ‘मिथ्याज्ञान’ हा शब्द ‘मिथ्या’ व ‘ज्ञान’ असा न फोडता ‘मिथ्या’ व ‘अज्ञान’ असा फोडला. संधीमुळे दोन्ही फोडी रूपाने सारख्याच शक्य आहेत. परंतु दुसऱ्या फोडीने चुकीच्या समजुतीच्या जागी सर्व चुकीच्या समजुतींचे उपादान असलेले अज्ञान आले.

प्रकाशात्म्याने (सु. दहावे शतक) विवरण या ग्रंथात हे अज्ञान भावरूप असल्याचे सिद्ध करण्यासाठी ‘मी अज्ञ आहे’ या अनुभवाचा आधार घेतला. अभावाचे ज्ञान होण्यासाठी अभाव कशाचा व कोठे, या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. टेबलावर घट नाही हे कळण्यास घट काय व टेबल कोणते, हे ठाऊक हवे. ‘माझ्यात ज्ञान नाही’ हे कळण्यास ज्ञान व स्वतः मी, यांचे ज्ञान आधीच हवे. आणि ते असल्यास ज्ञानाचा अभाव तेथे राहिलाच नाही. म्हणून ‘मी अज्ञ आहे’ या अनुभवाचा विषय अभाव नसून दुसरेच काही भावरूप आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘भावरूप’ या शब्दाचा अर्थ खरीखुरी सत्ता असा नसून अभावाहून वेगळे एवढाच आहे, असा खुलासा उत्तरकालीन अद्वैतींनी केला. अन्यथा ब्रह्माखेरीज दुसरी सत्य वस्तू मानल्याचा दोष आला असता.

रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, ज्ञानाहून भिन्न किंवा ज्ञानाला विरोधी; तिन्ही अर्थी ज्ञान म्हणजे काय, हे आधी कळल्याशिवाय अज्ञान कळत नाही. म्हणजे अभावपक्षावर जो दोष लादला तोच विरोधपक्षावरही येतो. ज्ञानाचे अस्पष्ट भान अज्ञानाला बाधक होत नाही, असे अद्वैतींनी म्हटल्यास, तीच सवलत अभाव मानणाऱ्यालाही द्यावी लागेल. त्यांच्या मते, ‘मी अज्ञ आहे’ या अनुभवाचा उलगडा ज्ञानाच्या प्रागभावाने, म्हणजे ज्ञान उत्पन्न होण्यापूर्वीच्या अभावाने, पुरेसा होतो. ‘विरोध’ या अर्थातही अभावाइतकाच मूळ शब्दाचा संदर्भ दडलेला असतो, हे त्यांच्या आक्षेपाने उघड केले.

शब्दाची तिसरी फोड : वरील सर्व मतांत ‘विद्’ हा धातू ‘जाणणे’ या अर्थाने घेतला आहे. संस्कृतात ‘विद्यते’, म्हणजे ‘असते’, हे रूपही आहे. त्याचा उपयोग करून अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या महायानग्रंथात, धर्म जसे बालजनांना वाटतात तसे विद्यमान नसतात आणि म्हणून अविद्या असे म्हटले जाते, अशी व्युत्पत्ती सुचविली आहे. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस अमृतानुभवात हीच वाट स्वतंत्रपणे धरलेली दिसते. ‘मी विद्यमानच नाही’, असे अविद्या आपल्या नावानेच सांगते, असा त्यांचा आशय आहे. मग जे नाहीच त्याचा नाश शब्दाने काय करावयाचा, असा प्रश्न करून ते पुढे ‘अज्ञानखंडन’ या प्रकरणात भावरूप अज्ञानाच्या कल्पनेचाच निरास करतात. येथे नञ् पुन्हा शुद्ध निषेधाकडे वळतो. परंतु निषेध विद्येचा नसून अविद्येच्याच अस्तित्वाचा होतो. शास्त्रीय व्युत्पत्ती म्हणून ही फोड टिकणारी नाही. सिद्धांत शब्दाला कसा वळवितो, याचे मात्र ते बोलके उदाहरण आहे.

निकष व त्यांच्या मर्यादा : एखाद्या संज्ञेतील ‘अ’ शुद्ध निषेध, न्यूनता की विरोध दाखवितो, हे ठरविण्यासाठी या वादातून काही व्यवहार्य कसोट्या निघतात. ती संज्ञा एखाद्या कार्याचे कारण म्हणून सांगितली असल्यास विरोधाकडे कल धरावा. भावरूप वस्तूंच्या यादीत ती त्याच दर्जाने मोजली असल्यास तसेच. ती कमीजास्त होते, साठते किंवा दुसऱ्या वस्तूला मलिन करते, असे वर्णन असल्यासही तोच निष्कर्ष संभवतो. याउलट, तिचे सर्व वर्णन दुसऱ्या कशाच्या तरी नसण्यानेच पुरे होत असल्यास शुद्ध निषेध मानणे योग्य होय. या कसोट्या दर वेळी त्या त्या ग्रंथापुरत्याच लावाव्या लागतात. एका दर्शनातील निर्णय दुसऱ्यावर लादल्यास चूक होते, हे वसुबंधू व व्यासभाष्य यांच्यातील फरकावरून दिसते. भाषांतरात ‘अज्ञान’ हा शब्द सरसकट घातल्यास अविद्या माहितीच्या उणिवेसारखी वाटू लागते. ती उणीव असती, तर ती भरून काढण्यास माहिती पुरली असती. ज्या दर्शनांनी तिला शत्रूच्या उपमेने ओळखले, त्यांनी तिच्या निवारणासाठी दीर्घ साधनामार्ग का सांगितला, हे नञाच्या या अर्थावरून कळते.